गच्चीखालच्या ओलीचे फोटो टाकतोय, दोन वेगळी वॉटरप्रूफिंग केलीत, कुठलं चाललं म्हणायचं?

वरचा_मजला
नमस्कार मंडळी. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो, वर थेट गच्ची, बिल्डिंग १९९६ची. बेडरूम आणि हॉल दोन्हीकडे छताला ओल. बेडरूमच्या वरचा भाग मे महिन्यात ओळखीच्या माणसाकडून करून घेतला, जुना कोबा घासून त्यावर पॉलिमर आणि सिमेंटचं दोन घटकांचं कोटिंग, मध्ये फायबरची जाळी. हॉलच्या वरचा भाग जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने पीयू म्हणजे पॉलियुरेथेन कोटिंगने केला, दर जवळपास दुप्पट. त्याने खालून हॉलच्या डागावर प्रायमर आणि पांढरा रंगही मारून दिला, फ्री.

चार फोटो आहेत. बेडरूमचा आधीचा आणि २२ जुलैचा, हॉलचा आधीचा आणि २२ जुलैचा. बेडरूमचा डाग बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, तांबूस कड असलेला, आधी होता तसाच आत्ता दिसतोय. हॉलचा डाग पंख्याच्या आजूबाजूला मोठा होता, आता सगळं पांढरं, पंख्याजवळ थोडी पिवळट झाक आणि जरा पावडर. मला तरी सरळ दिसतंय की पीयू जिंकलं. बेडरूमवरही तेच करून घ्यावं का? बजेट २५ हजार, आणि गणपतीच्या आधी उरकायचंय.

मिलिंद_नाशिक
पीयूच घ्या, डोळे झाकून. मी पूर्ण गच्ची केली, सव्वा लाख गेले पण तीन पावसाळे एक थेंब नाही. स्वस्तात करायला गेलं की दोनदा करावं लागतं हे माझं ठाम मत आहे. कंजूसपणा करू नका.

पत्राशेड_झिंदाबाद
कोटिंग बिटिंग सगळी नाटकं. पत्रा टाका, खाली सुकं, वर कपडे वाळत घालायला जागा. आमच्याकडे २०१४ला टाकला, विषय संपला.

सोसायटीचा_हमाल
पत्रा टाकायला महापालिकेची परवानगी लागते दादा, आमच्या शेजारच्या बिल्डिंगला नोटीस आली होती. आणि मुख्य प्रश्न, हे पैसे तुम्ही का भरताय? टेरेस सोसायटीचा. पावसाचं पाणी गच्चीतून झिरपून वरच्या फ्लॅटचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने, आदर्श उपविधीत आहे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पत्राशेड_झिंदाबाद
आमच्याकडे नाही आली नोटीस.

सुमाताई_के
आमच्या बाथरूमच्या छताला असंच झालं होतं, वरच्यांच्या टाइल्सचे सांधे गेले होते. वरच्या बाईंना सांगून व्हाइट सिमेंट भरून घेतलं, गेलं. तुम्ही पण वरच्यांशी बोलून बघा ना एकदा, भांडू मात्र नका.

वरचा_मजला
ताई, वर कोणी नाहीये, गच्ची आहे 😅

नाना_सिव्हिल
तुमचे फोटो दोनदा मोठे करून पाहिले. माझ्या मते तुम्ही उलटा निष्कर्ष काढताय. बेडरूमच्या डागाला जी तांबूस कड आहे ती पाणी जिथपर्यंत पसरून सुकलं तिथे साठलेला मळ आणि क्षार. गळती बंद झाली तरी ती कड तशीच राहते, रंग खरवडून काढेपर्यंत. म्हणजे डाग "तसाच दिसतोय" ही वाईट बातमी नाही, आकार वाढला नसेल तर चांगलीच बातमी. हॉलमध्ये मात्र ताज्या रंगावर सहा-सात आठवड्यांत पावडर आलीय. ती पावडर म्हणजे स्लॅबमधला चुना आणि क्षार पाण्याबरोबर खाली येऊन सुकलेले. रंग नवा म्हणून डाग झाकला गेलाय, पाणी अजून चालू असायची शक्यता जास्त.

तीन गोष्टी सांगा. २२ तारखेच्या आधी चार-पाच दिवस पाऊस होता का? बेडरूमच्या डागाला तळहाताची मागची बाजू लावली तर गार लागतं का? आणि हॉलवरचं पीयू लावलं तेव्हा कोबा खडखडीत सुका होता का?

केतकी_प
नानांशी सहमत. अजून एक, फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ओल फिकी दिसते, तुमचा हॉलचा दुसरा फोटो फ्लॅशचा वाटतोय. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, आणि दर वेळी सकाळी त्याच जागेवरून फ्लॅशशिवाय फोटो काढा. टॉर्च बाजूने तिरका धरून एक फोटो घ्या, फुगलेला रंग आणि पावडर लगेच कळते. बाकी पीयूला फुगे आले तर घाबरू नका, सगळ्यांनाच येतात, सुईने टोचून वरून सीलंट लावलं की झालं.

मिलिंद_नाशिक
मला नाही आले फुगे.

सोसायटीचा_हमाल
नाशिकला पाऊस तरी किती पडतो?

मिलिंद_नाशिक
त्र्यंबकला येऊन बघा मग बोला.

वरचा_मजला
नाना, पाऊस त्या आठवड्यात चांगलाच झाला. बेडरूमचा डाग हाताला कोरडा लागतो, फक्त भिंतीला चिकटलेली चार बोटांची पट्टी गार. हॉलची पावडर बोटाने पुसली होती, पाऊस झाल्यावर परत आली. पंख्यापासून भिंतीकडे सरळ रेषेत फिकट पट्टा दिसतो. आणि काल गच्चीवर गेलो तर हॉलवरच्या पीयूला पाच-सहा फुगे आहेत, एक दाबला तर बाजूने पाणी आलं. लावायच्या दोन दिवस आधी वळवाचा पाऊस झाला होता, तो म्हणाला वरून सुकलंय, चालतं.

नाना_सिव्हिल
तिथेच घोळ आहे. ब्रिकबॅट कोबा म्हणजे विटांचे तुकडे, चार इंच किंवा जास्त जाडी, पाणी पिऊन बसतो. वरून हात लावून सुका वाटतो, आत आठवडाभरही ओला असतो. त्यावर पीयूची सीलबंद चादर टाकली की आतलं पाणी ऊन पडलं की वाफ होऊन चादर वर उचलतं, ते तुमचे फुगे, आणि उरलेलं खाली स्लॅबमधून गळतं. त्यामुळे आत्ता हॉलमध्ये येतंय ते पाणी जुनं अडकलेलं आहे की नवीन शिरतंय हे फोटो बघून मी छातीठोक सांगू शकत नाही. केतकी, टोचून सीलंट लावायचं म्हणालीस ते कोरड्या फुग्याला ठीक, ज्यातून पाणी येतंय तो भाग कापून सुकवल्याशिवाय बंद करू नये.

सरळ पट्टा म्हणजे वायरिंगचा पाइप. पाणी पाइपातून वाहत पंख्याच्या बॉक्सपाशी पडतंय, भोक मात्र दुसरीकडे, कदाचित भिंतीजवळ. पंखा वापरणं बंद करा, त्या लाइनचा एमसीबी खाली करा, आधी ते.

बेडरूमची भिंतीलगतची गार पट्टी मात्र माझ्या मते गच्चीच्या सपाट भागातून येत नाहीये. पॅरापेट म्हणजे कठड्याची भिंत, ती आणि गच्ची यांच्या सांध्यावर वाटा म्हणजे सिमेंटची गोलसर उतरती पट्टी आहे का, आणि कोटिंग त्यावरून भिंतीवर चढवलंय का? नसेल तर बाकी कोटिंग कितीही चांगलं असो, तिथून पाणी शिरणारच.

आता चाचणी. पाऊस उघडला की बेडरूमवरचा भाग मॉर्टरची बुटकी वरंबी घालून वेगळा करा, गच्चीचं पाणी जायच्या पाइपाचं तोंड प्लॅस्टिक आणि फडक्याने बंद करा, दोन इंच पाणी भरा, पण वाट्याच्या खाली. ४८ तास ठेवा, खाली पेन्सिलची रेघ बघत राहा. रेघ ओलांडली नाही तर सपाट भाग पास. मग पाणी वाट्याच्या वर चढेल इतकं वाढवा. तेव्हा पट्टी ओली झाली तर दोष सांध्याचा, आणि तो बजेटमध्ये सुधारतो. नंतर हॉलवरचा भाग, वेगळा. दोन्ही एकदम भरू नका, नाहीतर काहीच कळणार नाही. आणि एक इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला साधारण २५ किलो वजन, स्लॅबच्या खालून सळई दिसत असेल किंवा काँक्रीट फुटलं असेल तर हे अजिबात करू नका, आधी माणूस बोलावून स्लॅब दाखवा.

पत्राशेड_झिंदाबाद
एवढं पाणी भरण्यापेक्षा पत्रा.

केतकी_प
हो आणि पेन्सिलची रेघ मी आधी सांगितली होती, क्रेडिट राहू दे 😄 अजून एक, प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने छताला चिकटवून दोन दिवस ठेवा. पाणी स्लॅबच्या बाजूला जमलं तर ओल वरून येतेय, खोलीच्या बाजूला जमलं तर खोलीतला दमटपणा.

सोसायटीचा_हमाल
अर्ज दिला का?

सुमाताई_के
आता कळलं हो, गच्ची. आमच्या जावेकडे चायना मोझेक केलं, छान दिसतं.

वरचा_मजला
अपडेट. अर्ज दिला, सेक्रेटरी म्हणाले पुढच्या मीटिंगला घेऊ. सळई वगैरे दिसत नाही. शुक्रवार ते रविवार उघडीप होती, बेडरूमवर पाणी भरलं, रेघ जराही हलली नाही. वाट्याच्या वर पाणी चढवायच्या आधीच रविवारी संध्याकाळी पाऊस आला, सगळं वाहून गेलं, त्यामुळे सांध्याचं गूढ तसंच. वाटा आहे, पण कोटिंग त्याच्या पायथ्याशीच संपलंय, नानांचा अंदाज बरोबर असावा. हॉलवर पाणी भरलंच नाही, पंख्याजवळ टेप लावलेल्या प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला मात्र थेंब आलेत.

पीयूवाल्याला फोन केला. तो म्हणतो बेडरूमचं काम मला दिलं तर हॉलचे फुगे फुकट दुरुस्त करून पाच वर्षांची लेखी वॉरंटी देतो, सगळं मिळून ३२ हजार. घरी चर्चा झाली, देतोय त्यालाच. गणपतीला पाहुणे येणारेत, रोज त्या पावडरकडे बघून वैताग आलाय.

नाना_सिव्हिल
पास झालेल्या भागावर पीयू? तुमचे पैसे, तुमची गच्ची. निदान दोन अटी लेखी घाला. कोटिंग पॅरापेटवर फूटभर वर चढवायचं, आणि पैशाचा शेवटचा हप्ता पाणी भरून चाचणी झाल्यावर. आणि कोबा सुकायला नोव्हेंबरपर्यंत थांबा, पावसाळ्यात परत लावलं तर परत तेच फुगे.

वरचा_मजला
फूटभर आणि हप्ता घालतो. नोव्हेंबर जमणार नाही, त्याने बुधवारी माल पाठवलाय.

मिलिंद_नाशिक
बघा, शेवटी पीयूच. 👍

केतकी_प
बुधवारचा हवामान अंदाज बघितलाय का कोणी?