पँटची लांबी ४० की ३०? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

पाटणकर (ब-५०३): सर्वांना नमस्कार. माझा भाचा पुढच्या आठवड्यात न्यू जर्सीहून येत आहे आणि येताना माझ्यासाठी दोन पँटी आणणार आहे. त्याने माप विचारले, तेव्हा मी नेहमीच्या पँटीच्या लेबलावरचा ३४ हा आकडा कळवला. त्यावर "मामा, लांबी किती?" असा प्रश्न आला. लेबलावर लांबी कुठेच नाही, फक्त "३४" आणि त्याखाली "८६ सेमी" एवढेच आहे. म्हणून टेलरची जुनी पावती शोधली आणि तिच्यावरची लांबी ४० कळवली. आता तो म्हणतो की दुकानात ३०, ३२, ३४ असे आकडे दिसतात, ४० लांबीची पँट तिथे कुणी घेतच नसावे. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे, तेव्हा मी काही फार उंच नाही. मग चूक नेमकी कुठे होते आहे?

शिंदे (अ-१०२): पाटणकर साहेब, तुमचेही बरोबर आहे आणि भाच्याचेही, कारण दोघे दोन निरनिराळ्या लांब्यांविषयी बोलत आहात. आपला टेलर कमरपट्ट्याच्या वरच्या कडेपासून बाहेरच्या बाजूने थेट खालपर्यंत टेप सोडतो आणि त्यालाच लांबी म्हणतो. अमेरिकेत जीन्सच्या लेबलावर जो दुसरा आकडा असतो तो आतल्या शिलाईचा असतो, म्हणजे दोन्ही पायांच्या मधोमध जिथे चार शिलाया एकत्र येतात त्या चौकापासून मोहरीच्या कडेपर्यंतचा. त्यामुळे "३४ / ३०" याचा अर्थ कंबर ३४ आणि आतली लांबी ३० इंच. आकडे इंचांतच असतात. तुमच्या लेबलावरचे ८६ हे ३४ इंचांचेच सेंटिमीटर आहेत, त्यात लांबीची काहीही माहिती नाही.

पाटणकर (ब-५०३): म्हणजे ४० मधून ठरावीक काही इंच वजा केले की काम झाले?

शिंदे (अ-१०२): तसे करू नका, इथेच बहुतेकांची फसगत होते. बाहेरच्या आणि आतल्या लांबीतला फरक म्हणजे चौकापासून कमरपट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतची उभी उंची, आणि ती प्रत्येक पँटीत वेगळी असते. तुमची टेलरने शिवलेली पँट बेंबीजवळ बसते, म्हणून तिच्यात हा फरक साडेदहा इंच असू शकतो. जीन्स त्याच्या बरीच खाली बसते, तिच्यात तो नऊच्या आसपास येतो. नऊ वजा केलेत तर ३१ येतील, साडेदहा वजा केलेत तर साडेएकोणतीस, आणि दीड इंचाच्या फरकाने मोहरी टाचेखाली जाऊ शकते. वेबसाइटवर "फ्रंट राइज" म्हणून जो आकडा देतात तोही वजा करू नये, कारण तो चौकापासून पोटावरच्या शिलाईच्या वळणाने मोजलेला असतो आणि उभ्या उंचीपेक्षा जास्त भरतो.

त्यापेक्षा जी पँट अंगावर नीट बसते ती मोजा, स्वतःचा पाय मोजू नका. पँट पलंगावर नव्हे, फरशीवर किंवा टेबलावर पसरा, एक पाय बाजूला करून दुसऱ्याची आतली शिलाई हाताने सपाट करा, ओढू मात्र नका, आणि चौकापासून कडेपर्यंत टेप लावा.

पाटणकर (ब-५०३): मोजले. नेहमी वापरतो ती जीन्स ३१ इंच आली.

शिंदे (अ-१०२): ती तुम्ही खाली दुमडून घालता का?

पाटणकर (ब-५०३): हो, एक घडी घालतो. मोजताना अर्थातच उलगडली होती.

शिंदे (अ-१०२): मग ते माप त्या जीन्सचे झाले, तुमचे नव्हे. टेलरकडची पँट मोजा आणि त्याच वेळी तिचा कमरपट्टाही, हुक लावून, सपाट ठेवून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा.

पाटणकर (ब-५०३): आतली लांबी ७५ सेंटिमीटर, म्हणजे साडेएकोणतीस इंच. कमरपट्टा साडेसतरा, म्हणजे दुप्पट ३५. हे कसे? मला तर लेबलावरची ३४ चीच पँट बसते.

शिंदे (अ-१०२): लेबलावरचा कमरेचा आकडा हे एक नाव आहे, टेपने तेवढेच भरेल याची हमी नाही. पट्टा किती खाली बसतो यावर आणि कंपनीच्या सवयीवर तो एक-दोन इंच मोठा निघतो, कधी त्याहूनही अधिक. म्हणून भाच्याला ३४ सांगा, पण दुकानात पट्टा मोजून तो ३५ ते ३६ भरतो का हे पाहायलाही सांगा, कारण जीन्स खाली बसणार असल्याने तिथला घेर थोडा जास्त लागतो. लांबी ३० घ्यायला सांगा. अर्धा इंच जास्त राहील, तो बुटावर हलकी चुणी पडण्यात जाईल किंवा कापून घेता येईल. २८ घेतलीत तर वाढवायला काही उरणार नाही, कारण जीन्सच्या मोहरीत जेमतेम अर्ध्या इंचाची दुहेरी घडी असते, आणि ती उसवली तरी जुन्या घडीची फिकट रेघ कायम दिसते.

निखिल (क-४०४): काकू, याच विषयावर माझाही एक प्रश्न आहे. मी ऑनलाइन चिनो पाहतो आहे. तिच्यावर फक्त ३२ लिहिले आहे आणि लांबीचा पर्याय निवडायची सोयच नाही. मला आतली लांबी २९ लागते. अशा वेळी काय पाहावे?

शिंदे (अ-१०२): पर्याय नाही म्हणजे ती कंपनी त्या मापात एकच लांबी शिवते, आणि बहुधा ती उंच माणसाला पुरेल अशीच ठेवते, कारण कापता येते, जोडता येत नाही. मापांच्या तक्त्यात "इनसीम" दिली असेल तर प्रश्न सुटला. नुसती "लेंथ" लिहिली असेल तर आकड्याकडे पाहा: ४० किंवा ४१ असेल तर ती बाहेरची, ३० किंवा ३२ असेल तर आतली. बाहेरची निघाली, तर तुझ्याकडे त्याच उंचीवर बसणारी एखादी चिनो असेल तिच्या बाहेरच्या लांबीशी तुलना कर. फॉर्मल पँटीशी करू नकोस. कंबर मोठी घेतली की लांबी वाढेल, असाही भरवसा ठेवू नकोस, ती सगळ्या मापांत सारखीच असू शकते.

निखिल (क-४०४): समजा ती ३२ निघाली, तर तीन इंच कापून चालेल ना?

शिंदे (अ-१०२): मोहरीपर्यंत सरळ उतरणारी पँट असेल तर खुशाल काप. निमुळती असेल तर विचार कर, कारण कापतोस तो सर्वांत अरुंद भाग असतो. मोहरी रुंद होते आणि गुडघ्यासाठी दिलेला आकार तुझ्या गुडघ्याच्या खाली येतो. इंचभराला काही कळत नाही, तीन इंचांना आरशात लगेच कळते. मग टेलरला मोहरी पुन्हा आत घ्यायला सांगावे लागते आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. सुती कापड असेल तर आधी एकदा धुऊन वाळव, मगच टेलरकडे ने. आटणे कापल्यानंतर झाले तर इलाज नाही. खूण करताना नेहमीचे बूट घालून, पट्टा रोज बसतो तिथे बसवून उभा राहा. खाली वाकून स्वतः पाहू नकोस, वाकले की मोहरी वर सरकते. दुसऱ्या कुणाला टाचणी लावायला सांग. आणि फॉर्मल पँट असेल तर आत दीड इंच दाब ठेवायला सांग, पुढे कधी सोडवता येतो.

पाटणकर (ब-५०३): भाच्याला कळवले: कंबर ३४, आतली लांबी ३०, पट्टा मोजल्यावर ३५ ते ३६. त्याचे उत्तर आले आहे, "मामा, आता आईचेही असेच माप पाठवा." शिंदेताई, आमच्या ताईच्या पँटींना तर इंचही नाहीत, नुसतेच "एल" लिहिलेले आहे.

शिंदे (अ-१०२): मग तिची नीट बसणारी पँट घेऊन फरशीवर बसा. टेप तुमच्याकडे आहेच.