गाळ्याचा मेंटेनन्स १४ वरून २०: भरायचा की हिशेब मागायचा?

गाळेकरी: कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने ४०० फुटांचा गाळा आहे. मेंटेनन्स फुटाला १४ रुपये होता, या महिन्यापासून २०. तपशील मागितला तर "खर्च वाढला" एवढंच उत्तर. पैसे थांबवू का?

व्यवस्थापक: डिझेल, पगार, सगळंच महागलंय. करारावर सही केलीत ना? दर महिन्याला पावत्या दाखवत कोण बसणार?

हिशेबनीस: सही केली म्हणजे कोरा चेक दिला नाही! आधी भागाकार तपासा. समजा महिन्याचा खर्च ५,६०,००० आणि एकूण क्षेत्र ४०,००० फूट, तर दर १४ येतो. त्यातलं १२,००० फूट रिकामं पडलं आणि तोच खर्च उरलेल्या २८,००० फुटांवर वाटला, की बरोबर २०. खर्च रुपयानेही न वाढता रिकाम्या गाळ्यांचा वाटा तुमच्या बिलात येतो. म्हणून खर्चाच्या यादीबरोबरच "कोणत्या क्षेत्राने भागलं" हे लेखी विचारा.

जुना सेक्रेटरी: सर्व्हिस चार्ज सगळ्यांना समान असतो, फुटावर लावताच येत नाही. पोटनियम वाचा.

हिशेबनीस: तो नियम सोसायटीच्या सभासदांचा. इथे भाडेकरू आहे, त्याला करार लागू. पोटनियमाचा दाखला दिलात तर समोरचा तेवढंच खोडून मोकळा होईल.

मीटरवाला: खरा घोळ जनरेटरमध्ये, म्हणजे डीजीत असतो. गाळ्याच्या मीटरवर मंडळाच्या विजेचे आणि डीजीचे आकडे वेगळे दिसतात का बघा. डीजीचे युनिट वेगळे आकारत असतील, तर त्या युनिटांचं डिझेल मेंटेनन्समधून वजा व्हायला हवं. नाहीतर एकच डिझेल दोनदा वसूल होतं. शिवाय लॉगबुकातले तास आणि लिटर महिन्यागणिक ताडून बघा. तास निम्मे आणि लिटर तेवढेच, हे सहसा जुळत नाही.

व्यवस्थापक: डीजी वेगळं लावलं असेल तर वजा करावं लागेल, ठीक आहे. पण रिकाम्या गाळ्यांपुढेही झाडू मारावाच लागतो.

हिशेबनीस: मग त्याचे पैसे मालकाने द्यावेत, गाळा त्याचा आहे! मात्र करारात "भाड्याने गेलेल्या क्षेत्रावर" असं स्पष्ट लिहिलं असेल, तर बाजू पडते हे कबूल.

पैसे पूर्ण थांबवू नका, थकबाकीदार ठराल. जुन्या दराचे ५,६०० आणि १८ टक्के जीएसटीचे १,००८, असे ६,६०८ मुदतीत भरा. वरच्या २,४०० आणि त्यावरच्या जीएसटीवर लेखी हरकत घ्या. कमी भरल्यास करार रद्द, असं कलम असेल तर पूर्ण रक्कम हरकत नोंदवून भरा.

गाळेकरी: करार काढला. "प्रमाणशीर वाटा" एवढंच आहे, कशाच्या प्रमाणात ते नाही. मीटरवर डीजीचे आकडे वेगळे आहेत आणि त्याचं बिलही वेगळं येतं.

व्यवस्थापक: "प्रमाणशीर"चा अर्थ चालू गाळ्यांच्या प्रमाणात असाही होतो.

मीटरवाला: तो वाद चालू द्या. डिझेलचं पत्र आजच टाका.