दमट उन्हाळा, मैदानी सराव आणि क्रिएटिन : पाण्याचा हिशेब आपण कसा ठेवता?

धागाकर्ता, ठाणे (वय ४६, अर्धमॅरेथॉनची तयारी)

मी मार्चपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतो. पहिल्या तीन आठवड्यांत वजन सव्वा किलोने वाढले, आणि मे महिन्यात सकाळी धावून आल्यावर घामाने पार गळून गेल्यासारखे वाटू लागले. म्हणून मी वजनकाट्याचा आधार घेतला. एका रविवारी लघवी करून, अगदी कमी कपड्यांत वजन केले, ते ७१.६ किलो भरले. ८० मिनिटे धावलो, वाटेत ४०० मिलिलिटर पाणी प्यायलो, घरी येऊन अंग पुसले, ओले कपडे काढून पुन्हा वजन केले, तेव्हा ७०.१ किलो होते. म्हणजे दीड किलो घट आणि प्यायलेले पाणी मिळून सुमारे १.९ लिटर घाम गेला. फेब्रुवारीत एवढ्याच अंतराला याच्या जेमतेम निम्मा घाम जात असे. हा फरक क्रिएटिनचा की मे महिन्याचा, हे मला ठरवता येत नाही. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

व्यायामशाळेतील प्रशिक्षक, पनवेल

क्रिएटिन शरीरातले पाणी स्नायूंमध्ये ओढून घेते, त्यामुळे बाकीचे शरीर कोरडे पडते. मी माझ्या मुलांना रोज सहा लिटर पाणी सक्तीने प्यायला लावतो आणि आजवर कोणाच्याही पायात गोळे आलेले नाहीत.

पोलीस भरतीची तयारी करणारा, रत्नागिरी

माझा अनुभव वेगळा आहे. पाच दिवस रोज २० ग्रॅम घ्यायचे असे मित्राने सांगितले. ते चार वेळांत विभागायचे असते हे मात्र त्याने सांगितले नाही. मी सगळे एका पेल्यात घालून संपवले. दुपारपर्यंत चार वेळा जुलाब झाले आणि तशातच संध्याकाळी १६०० मीटरच्या सरावाला गेलो. दुसऱ्याच फेरीत डोळ्यांसमोर अंधारी आली. सगळ्यांनी क्रिएटिनला दोष दिला, पण पाणी खरे तर जुलाबातून गेले होते. आता रोज जेवणानंतर ३ ग्रॅम घेतो. पोटाची तक्रार नाही.

एक गृहिणी, नाशिक

यजमानांच्या तपासणीत क्रिएटिन वाढलेले आले आहे. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे. मग आपण सारे ते विकत घेऊन का खाता, हे मला समजले नाही.

क्रीडा-वैद्यक डॉक्टर, मुंबई

ताई, आपल्या अहवालात क्रिएटिनिन असणार. ते क्रिएटिनपासून शरीरात तयार होणारे टाकाऊ द्रव्य आहे. यजमानांच्या बाबतीत डॉक्टरांनी ठरवून दिलेले पाण्याचे प्रमाण मोडू नका. या धाग्यातला एकही आकडा त्यांच्यासाठी नाही. क्रिएटिन घेणाऱ्यांचे क्रिएटिनिन मूत्रपिंडे ठीक असूनही थोडे वाढलेले दिसू शकते, म्हणून रक्त तपासताना त्यांनी तसे सांगावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

प्रशिक्षकांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. सुरुवातीला पाणी स्नायूंमध्ये साठते आणि वजन वाढते ते त्यामुळेच. पण त्यासाठी लागणारे पाणी सगळे मिळून लिटर-दीड लिटर असते आणि ते काही दिवसांत हळूहळू भरून निघते. उन्हात सराव करणाऱ्या खेळाडूंवर झालेल्या अभ्यासांत, नेहमीच्या मात्रेत क्रिएटिन घेतल्याने निर्जलीकरण किंवा पेटके वाढल्याचे दिसलेले नाही. घाम न मोजता सरसकट सहा लिटर प्यायला लावणे मला अधिक चिंतेचे वाटते. सराव संपल्यावर वजन आधीपेक्षा वाढलेले असेल, डोके दुखत असेल, मळमळत असेल, तर रक्तातील सोडियम उतरलेले असू शकते. अशा वेळी आणखी पाणी पाजणे घातक ठरते.

दुसरे असे की दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम शरीराला थंड करीत नाही. पाणी पिऊन घामाची भरपाई होते, पण वाढलेल्या तापमानावर वेग कमी करणे हाच उपाय आहे. धावणारा असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या देऊ लागला, तर त्याच्या अंगावर भरपूर थंड पाणी ओतावे आणि तातडीने रुग्णालयात न्यावे.

प्रशिक्षक, पनवेल

वजन वाढण्याचा मुद्दा मी कधी पाहिला नव्हता. उद्यापासून मुलांची वजने करतो. तरीही पाण्यामुळेच पेटके टळतात हे माझे मत कायम आहे.

रत्नागिरी

आमच्याकडे वजनकाटा नाही. लघवीच्या रंगावरून ओळखले तर चालेल का?

डॉक्टर, मुंबई

सकाळच्या पहिल्या लघवीचा रंग गडद असेल, तर आदल्या दिवशी पाणी कमी पडले असे ढोबळमानाने समजता येते. जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल, तर मात्र हा रंग फसवतो. जुलाबाच्या दिवशी सराव करू नका. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात घालून घोट घोट घ्या. ती कमी पाण्यात दाट करू नका.

धागाकर्ता, ठाणे

काल तितकाच वेळ, पण हळू धावलो. सोबत थोडे मीठ आणि साखर घातलेले ९०० मिलिलिटर लिंबूपाणी घेतले होते. वजन ७१.४ वरून ७०.५ वर आले, म्हणजे घाम १.८ लिटर. वेग कमी करूनही घाम जवळपास तेवढाच गेला, याचे नवल वाटले. पण या वेळी डोके दुखले नाही. पुढच्या रविवारी अर्धा तास आधी निघणार आहे.