मदत हवी आहे : हरवलेल्या मुंजीच्या पत्रिकेचे वर्णन डिझायनरला कसे लिहून द्यावे?

नमस्कार. भाच्याच्या मुंजीच्या पत्रिकेचा पसंत पडलेला नमुना छापखान्याच्या संगणकातून नाहीसा झाला असून, पंचवटीतील दुसऱ्या डिझायनरला तो केवळ वर्णनावरून पुन्हा करायचा आहे.

पत्रिका उभी, ५ इंच रुंद आणि ७ इंच उंच होती. हस्तिदंती पार्श्वभूमीवर चारही बाजूंनी कुंकवासारख्या गडद लाल रंगाची बारीक दुहेरी चौकट होती. सर्वांत वर मध्यभागी ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’, त्याखाली बटूचे नाव सर्वांत मोठ्या अक्षरांत आणि मग ‘व्रतबंध करण्याचे योजिले आहे’ हा मजकूर तपकिरी रंगात होता. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता खाली डावीकडे, तर निमंत्रकांची नावे उजवीकडे होती.

खरी अडचण अक्षरांची आहे. नावाचा टंक बोरूने लिहिल्यासारखा, तिरक्या कापाच्या टोकांचा होता आणि त्यात ‘ल’ मराठी वळणाचा, म्हणजे दोन गोलाकारांचा होता. नव्या नमुन्यात मात्र उभ्या दांड्याचा हिंदी ‘ल’ आला आहे. काही युनिकोड टंकांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की वळण बदलते, पण या टंकात तसे होत नाही.

असा टंक कोणी सुचवू शकेल का? तसेच पडद्यावरचा लाल छपाईत काळपट होऊ नये म्हणून डिझायनरला सीएमवायकेचे कोणते प्रमाण सांगावे, की छापील रंगतक्त्यावरूनच छटा निवडावी?