पिव्हटवरचं डबल-क्लिक: बाहेर जाणाऱ्या फाईलमध्ये चालू ठेवावं का?

टॉवेल_अकाउंट्स (अक्कलकोट रोड एमआयडीसी)
आमच्या टॉवेल कारखान्यात दर शनिवारी पगार होतो. त्याचा एक्सेलमध्ये पिव्हट, म्हणजे नोंदींच्या यादीवरून बेरजांचा तक्ता, मी करते. आडव्या ओळीत विभाग, उभ्या रकान्यात आठवडा, आत पगाराची बेरीज. मालक कुठल्याही आकड्यावर डबल-क्लिक करतात, मागच्या नोंदी नव्या शीटवर येतात आणि प्रश्न तिथंच मिटतो. आता हीच फाईल दर महिन्याला शिलाईच्या ठेकेदाराला मेल करायची आहे. पगाराची मूळ शीट डिलीट करून, फिल्टरमध्ये फक्त शिलाई विभाग ठेवून पिव्हट पाठवायचा विचार आहे. डबल-क्लिक चालू राहिलं तर आकड्यांसाठी त्यांचे फोन येणार नाहीत, असं माझं मत. तुमचं?

चाटी_गल्ली_कापडवाला
चालूच ठेवा ताई. मी धंदा करणारा माणूस. मुनीम कागदावर बेरीज आणून ठेवतो, पण ती कशाची आहे हे दिसल्याशिवाय मी सही करत नाही. गड्डा यात्रेच्या दिवसांत चादरींची परत आलेली बिलं आणि विक्री एकाच रकान्यात मिसळली होती. आकडा पाहून कुणालाच कळलं नाही. डबल-क्लिक केल्यावर वजाच्या सात ओळी समोर आल्या. ठेकेदारालाही तेवढा हक्क आहे की.

सात_रस्ता_क्लासवाला
मालकांनी वापरावं, याला माझी ना नाही. फाईल बाहेर पाठवू नका, एवढंच म्हणतोय. ताई, पाठवण्याआधी एक करून बघा. फाईलची वेगळी प्रत घ्या, त्यातली मूळ शीट डिलीट करा, सेव्ह करून बंद करा. परत उघडा, फिल्टर काढा आणि खाली उजव्या कोपऱ्यातल्या `Grand Total` च्या आकड्यावर डबल-क्लिक करा. काय येतं ते इथं लिहा.

टॉवेल_अकाउंट्स
केलं. सगळं आलं! पाचही विभागांचे कामगार, आणि पिव्हटमध्ये मी कधीच न घेतलेले रकानेसुद्धा. मोबाईल नंबर, बँक खातं, उचल किती बाकी आहे ते. शीट तर मी डिलीट केली होती. हे आलं कुठून?

सात_रस्ता_क्लासवाला
पिव्हट बनतो तेव्हा एक्सेल मूळ तक्त्याची अख्खी नक्कल फाईलच्या पोटात ठेवतो. तिला पिव्हट कॅशे म्हणतात. बेरजा तिच्यावरून होतात आणि डबल-क्लिकच्या ओळीही तिच्यातूनच येतात, तुमच्या शीटवरून नाही. म्हणून शीट गेली तरी ओळी राहतात. रकाना पिव्हटमध्ये ओढलेला नसला तरी कॅशेत असतो. आणि फिल्टर फक्त दाखवण्यापुरता. तो लावलेला असताना डबल-क्लिक केलं तर शिलाईच्याच ओळी येतील, पण फिल्टर काढायला ठेकेदाराला कुणाला विचारावं लागत नाही.

जुळे_सोलापूर_९१
एवढं घाबरायचं कारण नाही. पिव्हटवर राईट-क्लिक, `PivotTable Options`, त्यात `Data` टॅब, तिथली `Enable show details` ची खूण काढायची. डबल-क्लिक बंद. आमच्या ऑफिसात असंच करतात.

सात_रस्ता_क्लासवाला
दादा, डबल-क्लिक बंद होतं हे खरं. पण समोरचा त्याच टॅबवर जाऊन खूण परत लावू शकतो. तेही नको, उजवीकडच्या यादीतून बँक खात्याचं फील्ड ओळीत ओढलं तरी नंबर दिसतात. चुकून क्लिक होऊन नको त्या शीट वाढू नयेत, एवढ्याच कामाची ती खूण आहे.

जुळे_सोलापूर_९१
मग शीटला पासवर्ड लावा. `Protect Sheet`.

सात_रस्ता_क्लासवाला
त्यानं हात बांधले जातात, डोळे नाही. `.xlsx` ही मुळात झिप फाईल असते. नावाच्या शेवटी `.zip` करून उघडली की आत हे दिसतं:

```
xl/pivotCache/pivotCacheDefinition1.xml
xl/pivotCache/pivotCacheRecords1.xml
```

शीटचा पासवर्ड याला झाकत नाही. फाईल उघडतानाच पासवर्ड मागणारी सोय वेगळी, तिच्यात आतलं सगळं कुलूपबंद होतं. पण ठेकेदाराला फाईल वाचायला तो पासवर्ड तुम्हीच देणार ना?

पंढरपूर_रोड
आमच्याकडे तर डबल-क्लिकनं ओळी येतच नाहीत. `Show Detail` नावाची खिडकी येते आणि कुठलं फील्ड दाखवू म्हणून विचारते. माझं एक्सेल खराब आहे का?

टॉवेल_अकाउंट्स
तुम्ही आकड्यावर नाही, विभागाच्या नावावर क्लिक करताय. `Cancel` करा आणि शेजारच्या बेरजेच्या आकड्यावर क्लिक करून बघा.

जुना_मुनीम
मी बत्तीस वर्षं पेढीवर हिशेब लिहिले, एक्सेल मुलानं शिकवलं. खाजगी माहितीचा मुद्दा तुम्ही बोललात, तो बरोबरच आहे. पण डबल-क्लिकचा मला सोसावा लागलेला तोटा वेगळा आहे. त्यातून आलेल्या शीटवर माणूस दुरुस्ती करतो. समोर चूक दिसते, हात आवरत नाही. आमच्या पेढीत सूत खरेदीचं एक बिल असंच "दुरुस्त" झालं आणि दोन महिने मूळ नोंद चुकीचीच राहिली. म्हणून मी म्हणतो, घरातसुद्धा हे बंद असावं. मूळ तक्त्यावर फिल्टर लावा, तिथंच बघा, तिथंच दुरुस्त करा.

टॉवेल_अकाउंट्स
काका, माझ्याकडून गेल्याच महिन्यात हे झालं. शिलाईचे चार आठवडे असे होते: ४१,२५०, ४०,८००, ४४,९००, ४१,४००. तिसरा डोळ्यात खुपला म्हणून डबल-क्लिक केलं, तर १३ ओळी आल्या. शिलाईला आमच्या बाया १२. टोकन नंबरनं लावून पाहिलं, टोकन २७ दोनदा, दोन्हीकडे ३,६००. हजेरी दोनदा चढली होती. मी त्याच शीटवरची एक ओळ डिलीट केली, पिव्हटवर आले, रिफ्रेश केलं. तरी ४४,९००! तीनदा केलं. मग लक्षात आलं, मी नकलेवर हात चालवत होते. मूळ तक्त्यातली ओळ काढली, `Alt+F5` दाबलं, तेव्हा ४१,३०० झाले. एवढं होऊनही मी बंद करा म्हणणार नाही. डबल-क्लिक नसतं तर तेरावी ओळ दिसलीच नसती आणि तिला ३,६०० जास्त गेले असते. ते परत मागायला जायचं म्हणजे तिच्याही जिवाला त्रास.

सात_रस्ता_क्लासवाला
यात अजून एक खाच आहे, ताई. तुम्ही मूळ तक्ता दुरुस्त केला पण रिफ्रेश न करता परत डबल-क्लिक केलं असतं, तर नवीन शीटवरही १३ च ओळी आल्या असत्या. कॅशे जुनाच ना. आणि पहिल्या डबल-क्लिकची शीट रिफ्रेशनंही बदलत नाही, ती अजून तेराचीच असेल. म्हणून बघून झालं की ती लगेच डिलीट करायची. काकांची भीती याच शिस्तीनं निम्मी कमी होते. उरलेल्या निम्म्यासाठी मूळ तक्त्यात व्हाउचर नंबरचा रकाना ठेवा, कारण मूळ शीटवर ती ओळ कितव्या जागी आहे हे डबल-क्लिक सांगत नाही. व्हाउचर नंबर असला की `Ctrl+F` नं थेट तिथं जाता येतं.

जुना_मुनीम
व्हाउचर नंबर पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. बाकी मी फिल्टरच वापरीन. शिस्त माझ्या टेबलावर राहील. माझ्यानंतर बसणाऱ्या पोराची हमी कोण देणार?

सूत_दलाल
मध्येच विचारतो. माझ्या सौद्यांच्या तक्त्यात सहा हजारांवर ओळी आहेत, पण एकूण बेरजेवर डबल-क्लिक केलं की हजारच येतात. त्यांची बेरीज पिव्हटशी जुळत नाही, म्हणून मी हा प्रकारच सोडून दिला.

सात_रस्ता_क्लासवाला
नव्या शीटच्या पहिल्या ओळीत बघा, `First 1000 rows` असं लिहिलेलं असेल. पिव्हट बनवताना `Add this data to the Data Model` वर खूण राहिली की असं होतं. तिथं ओळी साध्या कॅशेतून नाही, डेटा मॉडेलमधून येतात आणि हजारावर थांबतात. ती खूण न लावता पिव्हट परत बनवा, सगळ्या येतील.

चाटी_गल्ली_कापडवाला
बरं, मग ताईंनी पाठवायचं काय? नुसते आकडे? ठेकेदार म्हणेल, मला ४१,३०० कसे झाले ते दाखवा. आणि त्याचं चूक नाही.

सात_रस्ता_क्लासवाला
नुसते आकडे पुरत असतील तर पिव्हट कॉपी करून नव्या वर्कबुकमध्ये `Paste Special` मधून `Values` पेस्ट करायचं. त्याच वर्कबुकमध्ये दुसऱ्या शीटवर पेस्ट केलं तर उपयोग नाही, कॅशे त्या फाईलमध्येच राहतो. आणि साधं पेस्ट केलं तर पिव्हट कॅशेसकट तिकडं जातो. पेस्ट झाल्यावर आकड्यावर डबल-क्लिक करून खात्री करा. कर्सर नुसता सेलमध्ये शिरला, नवी शीट आली नाही, म्हणजे मागं काही नाही.

ठेकेदाराला ओळी दाखवायच्याच असतील तर उलट बाजूनं चला. कोऱ्या वर्कबुकमध्ये फक्त शिलाईच्या ओळी आणि चारच रकाने घ्या: आठवडा, टोकन नंबर, नग, रक्कम. ते `Values` म्हणूनच पेस्ट करा आणि त्यावर तिथं नवीन पिव्हट बनवा. मग त्याला हवं तेवढं डबल-क्लिक करू द्या. पोटातच जे नाही ते बाहेर पडणार नाही.

जुळे_सोलापूर_९१
टोकन नंबर तरी कशाला? ठेकेदाराला कुठल्या टोकनची बाई कोण, हे माहीत असतंच. म्हणजे कुणाला किती मिळाले ते कळणारच.

टॉवेल_अकाउंट्स
त्याच्याच हाताखाली काम करतात त्या, नग तोच मोजून देतो. टोकन काढलं तर दोनदा चढलेली ओळ त्यालाही दिसायची नाही. टोकन मी ठेवणार.

जुळे_सोलापूर_९१
नग मोजणं वेगळं आणि पगार दिसणं वेगळं. शिलाईतल्या एकीला तरी विचारलंत का?

टॉवेल_अकाउंट्स
नाही विचारलं. शनिवारी पगार वाटताना विचारते. तोपर्यंत फाईल जाणार नाही.