अनुभव धागा: जवळचा मित्र पेपरात कॉपी करताना दिसला, तर?

धागाकर्ती (नाशिक रोड): नाशिकच्या एका पॉलिटेक्निकमधला प्रसंग समोर ठेवते. तिसरं वर्ष, सिव्हिल. आरसीसी डिझाइनचा 70 गुणांचा, तीन तासांचा पेपर. आयएस 456 हे कोडबुक जवळ ठेवायची परवानगी आहे. तिरक्या पुढच्या बाकावर जिवलग मित्र बसलाय. त्याच्या कोडबुकच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात अख्खी गणितं सोडवून ठेवलेली आहेत, आणि तो ती उतरवतोय. अजून दोन पेपर बाकी आहेत. बघणाऱ्याने काय करावं? वर्गात, परीक्षा विभागात किंवा डिझाइनच्या कामात हे जवळून पाहिलेल्यांनी लिहावं. आपल्या आयुष्याच्या गोष्टी नकोत, नेमकं काय घडतं ते हवं.

सातपूरकर: माझ्या मते ही कॉपीच नाही. पुस्तक न्यायला परवानगी आहे ना? मग त्यात बघून लिहिलं तर बिघडलं कुठे? आरसीसीचे फॉर्म्युले त्या कोडमध्येच छापलेले असतात. पोराने पान उघडलं की लगेच त्याला चोर ठरवायचं, हे काही मैत्रीत बसत नाही.

डिझाइन ऑफिस, अंबड: अर्धं बरोबर आहे, म्हणून आधी तेवढं मान्य करतो. परिशिष्ट जी मध्ये बीमच्या मर्यादा आघूर्णाचं सूत्र छापलेलं आहे. फे 415 सळईसाठी 0.48 हे गुणोत्तरही कलम 38.1 मध्ये मिळतं. मित्र ती पानं उलटत असेल तर तो पेपर सोडवतोय, आणि लांबून बघणाऱ्याची गफलत होऊ शकते. फरक कळतो तो असा. कोडमध्ये सूत्र लांबलचक आहे: 0.36, मग 0.48, मग कंसातली वजाबाकी. तो सगळा गुणाकार केला की 0.138 येतं. हे 0.138 पाठ असलेली मुलंही पुष्कळ असतात, म्हणून नुसता तो आकडा दिसला यावरून काही ठरत नाही. पण समासात रुंदी 230, प्रभावी खोली 410, एम 20 काँक्रीट आणि शेवटी 106.7 किलोन्यूटन मीटर अशी उतरंड लिहिलेली असेल, तर ती परवानगीची सामग्री नव्हे. परवानगी छापील कोडला असते, त्यावर हाताने लिहिलेल्या उत्तराला नाही.

अशी उतरंड उतरवणाऱ्याची चूकही ठरलेली असते. प्रश्नात रुंदी 300 दिलेली असते, बाकी आकडे तेच. उत्तर 139.2 यायला हवं, आणि पेपरात मात्र 106.7 उतरतं. पहिल्या ओळीत 300 आणि शेवटी 230 चं उत्तर. तपासणारा तिथेच थांबतो.

परीक्षेचं काम पाहणारा, पंचवटी: आता वर्गातलं सांगतो, कारण मुलांना इथेच नीट माहिती नसते. पर्यवेक्षकाला काही सापडलं तर तो ते कोडबुक आणि लिहीत असलेली उत्तरपत्रिका दोन्ही ताब्यात घेतो. समासातल्या लिखाणावर विद्यार्थ्याची सही घेतो. सही नाकारली तर नाकारली अशी नोंद होते. मग लेखी जबाब होतो. पुढे लिहायला दिलंच तर नवी उत्तरपत्रिका मिळते, पण निकाल राखून ठेवतात आणि नंतर चौकशी समितीपुढे बोलावणं येतं. या सगळ्याचा आधार सापडलेली वस्तू असते. पेपर संपला, मित्राने घरी जाऊन रबर फिरवला, की पुरावा गेला. त्यानंतर दुसऱ्या मुलाने येऊन नाव सांगितलं तर ते एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द ठरतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बघणं हा गुन्हा नाही. पण मित्राने "हा कोड घे ना जरा" म्हणून त्याचं पुस्तक सरकवलं आणि तुम्ही ते हातात घेतलं, किंवा त्याला तुमची पुरवणी दिली, की प्रकरण तुमचंही झालं. एकाची उत्तरपत्रिका दुसऱ्याकडे सापडली तर दोघांनाही उत्तर द्यावं लागतं. मैत्रीखातर होणारं नुकसान बहुतेक वेळा या एका हालचालीतून होतं. तेव्हा मान खाली घालून स्वतःचं लिहावं आणि वस्तू सरकवू लागला तर हात मागे घ्यावा.

सिडकोची आई: सर, माझा मुलगा अशाच वर्गात बसतो. शेजारचा कॉपी करत असेल तर याचाही पेपर रद्द होतो का? हा काही बोलला नाही म्हणून त्याला दोषी धरतील का?

परीक्षेचं काम पाहणारा, पंचवटी: ताई, नाही. शेजारी बसणं किंवा गप्प राहणं यावरून प्रकरण होत नाही. दोघांच्या उत्तरांत तीच चूक, त्याच क्रमाने, तीच खाडाखोड असं आढळलं तर मात्र प्रश्न विचारले जातात. मूळ प्रश्न वेगळा आहे, मुलाने आपण होऊन सांगावं का हा.

प्राजक्ता, अंतिम वर्ष: मुलं इथे अडकतात ती पर्यवेक्षकाच्या भीतीने नाही. मित्र दोन वर्षं एकाच डब्यातलं जेवलेला असतो, सबमिशनच्या रात्री त्याने आपली शीट पूर्ण केलेली असते. त्याचं नाव घेणं हा विश्वासघात वाटतो, आणि ती भावना खोटी नाही. पण "त्याने कुणाचं काय नेलं?" हा युक्तिवाद डिप्लोमात टिकत नाही. थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या गुणांवर लागते. त्याचे दहा गुण वाढले तर यादीत त्याच्या मागे कुणीतरी सरकतं, आणि ते कुणीतरी आपल्याच वर्गातलं असू शकतं. निष्ठा एकालाच द्यायची आणि बाकीच्या चाळीस जणांना नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

करता येतं ते दोन पेपरांमधल्या दिवसांत. एकट्याला गाठून बोलावं, ग्रुपवर नाही आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर तर नाहीच. "तू कॉपी केलीस" असं सुरू केलं की तो नाकारतो आणि विषय संपतो. त्यापेक्षा दिसलं तेच सांगावं: "तुझ्या कोडच्या समासात गणितं लिहिलेली मला दिसली. पुढच्या पेपरला ती पुसून ये. मला काही देऊ नकोस, माझ्याकडून काही घेऊ नकोस. आणि कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही." शेवटचं वाक्य आधीच सांगून ठेवणं मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं, त्याच्याशीही.

सातपूरकर: समासातलं लिखाण चालत नाही, हे मला पटलं. पण तरी तो पुसून आलाच नाही तर?

परीक्षेचं काम पाहणारा, पंचवटी: मग नाव न घेताही सांगता येतं. पेपर सुरू होण्याआधी वर्गशिक्षकांना किंवा केंद्रावरच्या जबाबदार माणसाला एवढंच सांगा की कोडबुकांच्या समासात लिहून आणतात, पानं चाळून बघा. मग सगळ्यांचीच पुस्तकं दारात तपासली जातात. एकेक पान उलटायची गरज नसते. परिशिष्ट जी आणि कलम 26 च्या आसपासची पानं बघितली तरी पुरतं, कारण लिखाण तिथेच दाटलेलं असतं. मित्राला पुसायची संधी मिळते, आणि दुसऱ्या कुणी आणलं असेल तर तेही थांबतं.

प्राजक्ता, अंतिम वर्ष: पण सर, हे नाव न घेणं मला पूर्ण पटत नाही. झालेल्या पेपरचे गुण त्याला मिळणारच. यादीत मागे सरकलेल्याला पुढच्या पेपरच्या तपासणीने काय मिळालं?

परीक्षेचं काम पाहणारा, पंचवटी: झालेल्या पेपरसाठी काहीच नाही. तिथे नाव सांगूनही फार काही हाती लागत नाही, पुरावा नसतो. मी पुढच्या पेपरपुरतंच बोलतोय.

डिझाइन ऑफिस, अंबड: मी नाव सांगावं या बाजूचा आहे, निदान वर्गशिक्षकांना तरी. उद्या हाच मुलगा गंगापूर रोडवर एखाद्या स्लॅबचं डिझाइन करेल, तेव्हा 300 च्या जागी 230 चा हिशेब कुणी दारात तपासणार नाही. पण मित्राचं नाव तोंडून काढणं सोपं आहे, असं मी कुठल्याही मुलाला सांगणार नाही.