नव्या भाडेकरूला कागद कसे मागायचे? माझा मेसेज वाचून सांगा

सातपूरकर
कोथरूडला आमचा वन बीएचके आहे, आम्ही राहतो नाशिकला. १ तारखेपासून नवीन मुलगा येतोय, नोकरी करतो, टोकन दिलंय. काल त्याला हा मेसेज टाकला: "पोलीस व्हेरिफिकेशनसाठी आधार, पॅन, फोटो, कंपनीचं आयडी आजच पाठवा. नाहीतर चावी मिळणार नाही." निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. सौ. म्हणते फार कडक झालं. माझं म्हणणं, नियम आहे तर सांगायला लाज कसली? काय चुकलं?

दणका
काही चुकलं नाही. गोडगोड बोलून भाडेकरू डोक्यावर बसतात. ज्याला लपवायचं असतं तोच गप्प बसतो. टोकन परत करा, दुसरा बघा.

तिसरा मजला
मी भाडेकरूच्या बाजूने बोलते. सात वर्षांत पाच घरं बदलली. असा मेसेज आला की पहिला विचार हाच येतो की हे कागद जाणार कुठे. एका घराच्या वेळी माझ्या आधारचा फोटो एजंटने थेट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. चाळीस अनोळखी माणसांकडे माझा नंबर, जन्मतारीख आणि गावचा पत्ता. आणि हे सगळं टोकन घेतल्यावर मागायचं? तेव्हा माणूस अडकलेला असतो. घर दाखवायच्या दिवशीच सांगायला हवं होतं.

दणका
ताई, घर बघायला दहा जण येतात. प्रत्येकाला यादी वाचून दाखवायची का?

तिसरा मजला
यादी नको, एक वाक्य पुरतं. "करार नोंदवणार आणि पोलिसांना माहिती देणार." ज्याला जमत नाही तो तिथेच मागे फिरतो, दोघांचा वेळ वाचतो.

पेन्शनर
करार ११ महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही आणि पोलिसांचीही भानगड नाही. शंभरच्या स्टँपवर नोटरी करा. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय.

अंगठावाला
पेन्शनर काका, तुमचं म्हणणं इतर काही राज्यांत चालेल, आपल्याकडे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर पाचचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि उद्या वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. खोट्या आहेत हे मालकाने सिद्ध करायचं.

पोलिसांचं प्रकरण वेगळं. भाडेकरूची माहिती ठाण्याला द्या, असा आदेश पोलीस आयुक्त काढतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेच्या १६३ खाली निघतो. तो मोडला तर गुन्हा मालकावर, भाडेकरूवर नाही.

मी घरोघरी अंगठ्याचं मशीन घेऊन करार नोंदवतो, म्हणून सातपूरकरांच्या मेसेजमधली खरी चूक सांगतो. मजकूर असा आहे की जणू त्या मुलाचीच चौकशी लागली आहे. खरं तर तुम्ही फक्त माहिती कळवताय. पोलीस त्याला चारित्र्याचा दाखला देत नाहीत, परवानगी तर नाहीच नाही. फॉर्म ऑनलाइन भरला जातो, पोचपावती निघते, ती करारासोबत ठेवायची. हे काम तुमच्या गळ्यात आहे, असं लिहिलं की समोरच्याचा सूर बदलतो.

मोगरा
आमच्याकडे पोलीस आले होते तेव्हा शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. दोन साक्षीदार लागले. मुलीला तीन आठवडे थांबावं लागलं.

अंगठावाला
ते पासपोर्टचं असेल मोगराताई. इथे पोलीस घरी येईपर्यंत थांबायची गरज नसते.

सातपूरकर
बरं. मग नेमकं काय मागू?

अंगठावाला
आधारची मास्क केलेली प्रत मागा, तिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. करार नोंदवताना पूर्ण नंबर लागतो, पण तो त्याने माझ्यासमोर स्वतः टाकायचा आणि अंगठा द्यायचा. व्हॉट्सॲपवर फिरवायची गरजच नाही. सोबत एक फोटो, आणि नोकरीच्या ठिकाणाचं नाव-पत्ता.

लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे गावचा पत्ता. गेल्या महिन्यात एका मुलाचं आधार बघितलं, त्यावर पत्ता वाकडचा, म्हणजे त्याचं आधीचं भाड्याचं घर. घर लातूरला. फॉर्मात कायमचा पत्ता विचारतात, तिथे वाकड लिहून काय उपयोग? म्हणून तो वेगळा विचारा. आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांची नावं-नंबरही, तेही फॉर्मात भरायचे असतात.

आधार खरं की फोटोशॉप, हे नुसतं बघून कळत नाही. त्यावरचा क्यूआर आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. छापलेलं नाव आणि स्कॅनमधलं नाव वेगळं निघालं की समजायचं.

सालबर्डी
एक विचारू? आधीच्या भाडेकरूचं केलं होतं का तुम्ही हे सगळं? माझं आडनाव ऐकल्यावर एका मालकाने माझ्याकडे गावच्या सरपंचाचं पत्र मागितलं होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या मुलाला फक्त आधार. तेव्हापासून "नियम आहे" हे ऐकलं की मी विचारतो, सगळ्यांना आहे ना?

सातपूरकर
खरं सांगतो, नव्हतं केलं. मित्राचा भाचा होता.

सालबर्डी
म्हणजे ओळखीच्याला सूट आणि अनोळखी माणसाला चावीची धमकी.

दणका
घर त्यांचं आहे, कोणाला काय विचारायचं ते ठरवतील ना. उगाच प्रत्येक गोष्टीत आडनाव आणू नका.

सातपूरकर
सालबर्डी, लागलं, पण पटलं. नवीन मजकूर लिहिलाय:

"नमस्कार, कालचा मेसेज घाईत आणि जरा कडक गेला, राग मानू नका. तुम्ही येण्याआधी मला दोन कामं करावी लागतात: भाडेकराराची नोंदणी आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं. कायद्याने दोन्ही जबाबदाऱ्या घरमालकाच्या आहेत, म्हणून विचारतोय. तुमच्याबद्दल शंका नाही. आधारची मास्क केलेली प्रत, एक फोटो, गावचा पत्ता, नोकरीचं ठिकाण आणि ओळखीच्या दोघांचे नंबर एवढं २५ तारखेपर्यंत पाठवाल का? प्रतीवर 'फक्त भाडेकरार व पोलीस माहितीसाठी' असं लिहून, तारीख टाकून दिलीत तर उत्तम. कागद माझ्याकडेच राहतील, सोसायटीला फक्त पोचपावती देईन. पोचपावतीची प्रत तुम्हालाही पाठवतो."

आधीच्या भाडेकरूचं केलं होतं, असं एक वाक्य सुचलं होतं. ते अर्थातच काढलं.

तिसरा मजला
आता मेसेज वाचायला बरा वाटतोय. फक्त एक राहिलं. तुम्ही मालक आहात हे त्याला कशावरून कळणार? लाइट बिल किंवा इंडेक्स टू तुम्हीही पाठवा. खोटे मालक टोकन घेऊन पळतात, हे त्याने ऐकलेलं असणारच.

दणका
हे आता अति झालं. मालकाने भाडेकरूला कागद दाखवायचे?

अंगठावाला
करारात मालमत्तेचा तपशील भरायला मला ते लागतातच. आधी दाखवले तर काय बिघडलं? सोसायटीवाले मात्र नुसत्या पोचपावतीवर ऐकतील असं नाही. आमच्या भागातले काही सेक्रेटरी भाडेकरूचं आधारही मागतात, आणि तिथे मालक नमतात.

सातपूरकर
सेक्रेटरींशी बोलून बघतो. लाइट बिल मात्र लगेच पाठवलं. अर्ध्या तासात त्याचं उत्तर आलं, गावचा पत्ता सिन्नरचा निघाला, म्हणजे आमच्या शेजारचाच. आधारची पीडीएफ आली आहे, पण उघडत नाही, पासवर्ड मागतेय. आता त्याला परत विचारू का?

अंगठावाला
आधारवरच्या नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये, लगेच पुढे जन्मसाल. जन्मसाल माहीत नसेल तर मात्र विचारावं लागेल.